दरमहा जाणारी देणगी थांबवताना: मँडेट कुठे रद्द करायचं आणि ८०जीचं काय होतं

घरातला एक पगार थांबला, आजारपणात साठवण गेली किंवा कर्जाचा हप्ता वाढला की महिन्याचा खर्च पुन्हा मांडावा लागतो. त्या यादीत एखाद्या संस्थेला दरमहा आपोआप जाणारे पाचशे, हजार, दीड हजार रुपये असतात. ते थांबवायला बहुतेकांना अवघडल्यासारखं होतं, म्हणून ते काम मागे पडतं. मग खात्यात पैसे नसताना हप्ता येतो, बँक दंड कापते आणि देणगी संस्थेला मिळत नाही ती नाहीच. देणगी ही ऐच्छिक असते. ती थांबवायला कारण द्यावं लागत नाही आणि संस्थेची परवानगीही लागत नाही. मात्र ती योग्य जागी थांबवावी लागते. आयकराच्या कलम ८०जी खाली देणगीवर वजावट मिळते, म्हणून आधी दिलेल्या पैशांचे कराचे कागदही नीट हातात यायला हवेत. हा लेख या दोन गोष्टींसाठी आहे.

कराचे जे आकडे, कलमं आणि फॉर्म पुढे येतात ते आर्थिक वर्ष २०२५-२६ चे, म्हणजे आयकर कायदा १९६१ मधले आहेत. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा २०२५ लागू झाला आहे आणि त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. पण मार्च २०२६ पर्यंत दिलेल्या देणगीचा हिशोब जुन्याच कायद्याने होतो.

पहिली पायरी: पैसे नेमके कोणत्या वाटेने जातात ते शोधा

देणगी सुरू करताना आपण संस्थेच्या वेबसाइटवर किंवा मॉलमध्ये भेटलेल्या प्रतिनिधीच्या टॅबवर काहीतरी भरतो, ओटीपी देतो आणि विसरतो. प्रत्यक्षात त्या क्षणी आपण बँकेला एक आदेश दिलेला असतो. त्यालाच मँडेट म्हणतात. तो चार प्रकारचा असू शकतो: बचत खात्यातून बँकांमार्फत थेट वसुली करणारं नाच म्हणजे `NACH` मँडेट, यूपीआय ऑटोपे, डेबिट किंवा क्रेडिट कार्डावरची स्थायी सूचना आणि पगारातून होणारी कपात. प्रत्येकाची थांबवण्याची जागा वेगळी आहे. म्हणून आधी वाट ओळखायची.

त्यासाठी घरातल्या प्रत्येक खात्याचं आणि प्रत्येक क्रेडिट कार्डाचं मागच्या तेरा महिन्यांचं स्टेटमेंट उतरवून घ्या. बारा नाही, तेरा, कारण काही देणग्या वर्षातून एकदाच कापल्या जातात आणि बारा महिन्यांच्या कडेला त्या निसटतात. स्टेटमेंटमध्ये `NACH`, `ACH`, `ECS`, `MANDATE`, `AUTOPAY` आणि `SI` हे शब्द शोधा. नोंदीत संस्थेचं नाव असेलच असं नाही. पुष्कळदा तिथे पैसे गोळा करणाऱ्या पेमेंट गेटवेचं नाव दिसतं. नोंद ओळखू येत नसेल तर तारीख आणि रक्कम घेऊन ईमेलमध्ये त्याच दिवशीची पावती शोधा, ती सहसा सापडते.

सापडलेल्या प्रत्येक देणगीसमोर पाच गोष्टी लिहून ठेवा: संस्था, रक्कम, महिन्याची कोणती तारीख, खातं किंवा कार्ड कोणाच्या नावाचं आणि पावतीवर कोणाचा पॅन आहे. शेवटच्या दोन गोष्टी आत्ता निरर्थक वाटतील, पण कराचा सगळा हिशोब त्यांच्यावरच उभा राहतो.

दुसरी पायरी: मँडेट मुळाशी रद्द करा

सगळ्यात सोपं यूपीआय ऑटोपे. ज्या ॲपमधून मंजुरी दिली होती ते उघडा, प्रोफाइलमध्ये किंवा पेमेंटच्या सेटिंगमध्ये ऑटोपे किंवा मँडेट असा भाग असतो. तिथे चालू मँडेटची यादी दिसते. हवं ते उघडून रद्द करा आणि यूपीआय पिन विचारला तर द्या. नुसतं ॲप फोनमधून काढून टाकल्याने मँडेट रद्द होत नाही. ते बँकेकडे तसंच चालू राहतं. फोन बदलताना किंवा ॲप बदलताना हीच चूक होते: नव्या ॲपमध्ये मँडेट दिसलं नाही की ते संपलं असं वाटतं. तसं झालं असेल तर जुनं ॲप त्याच मोबाइल नंबरने पुन्हा उघडून पाहा.

यूपीआय आणि कार्ड या दोन्हींना रिझर्व्ह बँकेचा एक नियम लागू आहे: पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी तुम्हाला रक्कम, तारीख आणि घेणाऱ्याचं नाव कळवलं पाहिजे. तो संदेश आल्यावरही ती कापणी किंवा मँडेट नाकारण्याची सोय असते, पण शेवटच्या दिवसावर विसंबू नका. कापण्याच्या तारखेच्या तीन-चार दिवस आधी रद्द करा. ॲपमध्ये काही काळ थांबवण्याचाही पर्याय असतो. दोन-तीन महिन्यांचीच अडचण असेल तर तो चांगला आहे, पण मुदत संपल्यावर कापणी पुन्हा सुरू होते हे कॅलेंडरवर लिहून ठेवावं लागतं. पुढची परिस्थिती माहीत नसेल तर सरळ रद्दच करा. चांगले दिवस आले की नवं मँडेट पाच मिनिटांत होतं.

कार्डावरची स्थायी सूचना कार्ड देणाऱ्या बँकेच्या ॲपमध्ये किंवा नेट बँकिंगमध्ये ई-मँडेट, स्टँडिंग इन्स्ट्रक्शन अशा नावाखाली असते. ऑनलाइन रद्द करण्याची सोय देणं बँकेवर बंधनकारक आहे आणि रद्द करतानाही ओटीपी येतो. कार्डाची मुदत संपली की देणगी आपोआप थांबेल, यावर विसंबू नका.

खरी मेहनत नाच मँडेटमध्ये आहे. नाच ही बँकांमधली सामूहिक वसुलीची यंत्रणा एनपीसीआय चालवते. म्युच्युअल फंडाच्या एसआयपी आणि गृहकर्जाचे हप्ते याच वाटेने जातात. रस्त्यात किंवा दारात भेटलेल्या प्रतिनिधीने सही घेऊन भरलेला कागदी फॉर्म असेल तर तोही बहुधा नाचचाच. इथे दोन गोष्टी कळल्या पाहिजेत.

पहिली म्हणजे, प्रत्येक मँडेटला यूएमआरएन नावाचा वीस अक्षर-आकड्यांचा क्रमांक असतो. नेट बँकिंगच्या मँडेट यादीत तो सापडतो. नाही सापडला तर शाखेत शेवटच्या कापणीची नोंद दाखवून विचारा. रद्द करण्याचा अर्ज नेहमी या क्रमांकाने करायचा. नुसतं संस्थेचं नाव दिलं तर चुकीचं मँडेट रद्द होऊ शकतं. त्याच गेटवेमार्फत तुमची एसआयपी जात असेल आणि ती बंद पडली, तर नसता घोळ होतो.

दुसरी म्हणजे, मँडेटवर लिहिलेली रक्कम ही पुष्कळदा कमाल मर्यादा असते. दरमहा १,५०० जात असतील आणि मँडेट ५,००० चं असेल, तर घाबरू नका, पण तेवढ्यापर्यंत कापण्याची मुभा तुम्ही दिलेली आहे हे लक्षात ठेवा. संस्थेला फोन करून रक्कम ५०० करून घेतली तरी ५,००० ची मर्यादा तशीच राहते. देणगी कमी करून चालू ठेवायची असेल तर जुनं मँडेट रद्द करून कमी मर्यादेचं नवं करणं अधिक सुरक्षित.

नाच मँडेट दोन्ही बाजूंनी रद्द होऊ शकतं. संस्था तिच्या बँकेमार्फत करू शकते आणि तुम्ही तुमच्या बँकेत करू शकता. दोन्ही करा. नेट बँकिंगमध्ये मँडेट रद्द करण्याची सोय असेल तर तिथे. नसेल तर शाखेत लेखी अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर तारखेचा शिक्का घ्या. पुढच्या कापणीच्या आधी किमान सात ते दहा कामाचे दिवस हातात ठेवा, कारण कापणीची फाइल आधीच तयार होते. ऑगस्ट २०२१ पासून नाचची कापणी रविवारी आणि सुट्टीच्या दिवशीही होते, पण शाखा त्या दिवशी बंद असते. तारीख सोमवारची असो की रविवारची, शुक्रवारी अर्ज देऊन निश्चिंत राहू नका.

शाखेत कधी कधी "स्टॉप पेमेंट करून घ्या" असं सुचवतात. ते वेगळं आहे. त्याने एखादी कापणी अडवली जाते, मँडेट मात्र जिवंत राहतं, आणि काही बँका त्याचं शुल्कही घेतात. अर्जात "मँडेट कायमस्वरूपी रद्द करावे" असंच लिहा.

एक वाट मात्र टाळा: खातं रिकामं ठेवणं. पैसे अपुरे असताना नाचची मागणी आली की ती परत जाते आणि बँक दर वेळी काहीशे रुपयांचं शुल्क व त्यावर १८ टक्के जीएसटी लावते. नंतर त्या खात्यात पगार किंवा पेन्शन जमा झाली की थकलेलं शुल्क आधी वळतं होतं. पाचशेची देणगी चुकवायला गेलं आणि तितकाच दंड भरला, असं होणं अगदी सहज शक्य आहे.

पगारातून कपात होत असेल तर मनुष्यबळ किंवा पगार विभागाला लेखी कळवा. पगाराची यादी महिन्याच्या ठरावीक तारखेला गोठवली जाते. ती तारीख विचारून त्याआधी अर्ज पोहोचवा.

तिसरी पायरी: संस्थेला लिहा, आणि पत्रात कराचा मुद्दा घाला

बँकेत रद्द केलं तरी संस्थेला कळवणं आवश्यक आहे. सौजन्य हे एक कारण आहेच. त्याहून महत्त्वाचं कारण म्हणजे फॉर्म १०बीई हे देणगीचं वर्षाअखेरचं प्रमाणपत्र संस्थाच देणार आहे आणि त्यासाठी तुमचा पत्ता, ईमेल आणि पॅन तिच्याकडे बरोबर असायला हवा. ईमेल पुरेसा आहे. मजकूर साधारण असा:

"माझ्या घरच्या आर्थिक परिस्थितीत बदल झाल्यामुळे दरमहा ₹ ---- ची देणगी आजपासून बंद करत आहे. देणगीदार क्रमांक ----, मँडेट क्रमांक ----. कृपया आपल्या बाजूनेही मँडेट रद्द करून तसे लेखी कळवावे. एप्रिलपासून आतापर्यंत मिळालेल्या देणगीचे फॉर्म १०बीई प्रमाणपत्र माझ्या पॅनवर द्यावे व ते पुढील ईमेलवर पाठवावे: ----. माझी पॅनची व संपर्काची नोंद प्रमाणपत्र मिळेपर्यंत कायम ठेवावी."

शेवटची दोन वाक्यं गाळू नका. नोकरी सुटली असेल आणि देणगी ऑफिसच्या ईमेलवरून सुरू केली असेल, तर प्रमाणपत्र त्या बंद पडलेल्या पेटीत जाऊन बसतं. आणि "माझी सगळी माहिती काढून टाका" असं रागाने लिहिलं, तर प्रमाणपत्राची वाट आपणच अवघड करतो.

फोनवरून बोलणं झालं तर संस्थेचे लोक सहसा रक्कम कमी करण्याची किंवा काही महिने थांबण्याची विनंती करतात. ते त्यांचं काम आहे आणि त्यात गैर काही नाही. तुम्ही आधी काय ठरवलं आहे ते एका वाक्यात सांगा आणि नंतर ईमेल पाठवाच. फोनवरच्या बोलण्याचा पुरावा तुमच्याकडे राहत नाही.

चौथी पायरी: खरंच थांबलं का ते पाहा

संस्थेकडून "आपली देणगी बंद केली आहे" असा संदेश आला म्हणजे त्यांच्या यादीत बदल झाला, एवढंच. बँकेच्या मँडेट यादीत स्थिती रद्द अशी दिसली पाहिजे. ती दिसल्याचा स्क्रीनशॉट ठेवा आणि पुढचे दोन महिने कापणीच्या तारखेला खातं तपासा.

रद्द झाल्यानंतरही पैसे गेले तर आधी संस्थेला शिक्का असलेला अर्ज किंवा स्क्रीनशॉट पाठवून परतावा मागा. चूक फाइलच्या वेळेमुळे झालेली असेल तर संस्था सहसा पैसे परत करते. त्याच वेळी बँकेत लेखी तक्रार नोंदवून तक्रार क्रमांक घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते, तीही विनाशुल्क. मात्र आधी बँकेकडे तक्रार केल्याचा पुरावा तिथे लागतो.

पाचवी पायरी: कराच्या कागदांवर काय परिणाम होतो

इथे लोकांना दोन उलट्या भीती असतात. देणगी मध्येच बंद केली तर आधीच्या महिन्यांची सवलत जाईल, ही एक. आयकर खात्याला कळवावं लागेल, ही दुसरी. दोन्ही निराधार आहेत. कलम ८०जी मध्ये वजावट मिळते ती त्या आर्थिक वर्षात प्रत्यक्ष दिलेल्या रकमेवर. वर्षभर देण्याची अट नाही. बंद केल्याची सूचना कोणालाही द्यायची नसते. एप्रिल ते ऑक्टोबर दिलं तर सात महिन्यांची रक्कम धरायची, बस.

आधी एकच प्रश्न विचारा: तुम्ही कोणत्या करप्रणालीत आहात? आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून नवी प्रणाली आपोआप लागू होते आणि तिच्यात ८०जीची वजावट नाही. २०२५-२६ मध्ये या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. पगारदाराला ७५,००० ची प्रमाणित वजावट धरता एकूण पगार १२.७५ लाखांपर्यंत असला तरी कर नाही. तुम्ही त्यात बसत असाल तर देणगीमुळे एक रुपयाही कर वाचत नव्हता. "कर वाचतो म्हणून चालू ठेवूया" असं घरात कोणी म्हणत असेल, तर ही गोष्ट आधी सांगा.

जुनी प्रणाली निवडलेली असेल तर पुढे वाचा. बहुतेक नोंदणीकृत संस्थांना दिलेल्या देणगीच्या निम्मी रक्कम वजा होते, आणि पात्र देणगी समायोजित एकूण उत्पन्नाच्या, म्हणजे इतर वजावटी गेल्यावर उरलेल्या उत्पन्नाच्या, १० टक्क्यांपर्यंतच धरली जाते. पीएम केअर्स किंवा मुख्यमंत्री सहायता निधीसारख्या निधींना पूर्ण रक्कम, तीही मर्यादेशिवाय, वजा होते. रोख दिलेली देणगी २,००० रुपयांपेक्षा जास्त असेल तर ती अजिबात धरली जात नाही, आणि कपडे, धान्य अशा वस्तूंवर वजावट नाही.

आता कागद. संस्थेने दर महिन्याला पाठवलेली पावती पुरेशी नाही. आर्थिक वर्ष २०२१-२२ पासून ८०जीची मान्यता असलेल्या संस्थेला वर्षभराच्या सगळ्या देणगीदारांचं विवरण फॉर्म १०बीडी मध्ये आयकर पोर्टलवर भरावं लागतं आणि प्रत्येक देणगीदाराला फॉर्म १०बीई हे प्रमाणपत्र द्यावं लागतं. दोन्हींची मुदत पुढच्या ३१ मे पर्यंत. म्हणजे ऑक्टोबर २०२५ मध्ये देणगी बंद केली तरी तिचं प्रमाणपत्र मे २०२६ पर्यंत येतं. लगेच आलं नाही म्हणून हवालदिल होऊ नका, पण जूनच्या पहिल्या आठवड्यात आलं नसेल तर संस्थेला लिहा. विवरण उशिरा भरलं तर संस्थेला दर दिवशी २०० रुपये शुल्क लागतं, त्यामुळे आठवण करून दिली की काम हलतं.

प्रमाणपत्र आल्यावर तीनच गोष्टी तपासा: पॅन, रक्कम आणि आर्थिक वर्ष. रद्द केल्यानंतर चुकून गेलेला आणि परत मिळालेला हप्ता त्यात मोजला गेला असेल, तर संस्थेला दुरुस्त विवरण भरायला सांगा. परत आलेले पैसे ही देणगी नाही. प्रमाणपत्रात जास्त आकडा असला तरी दावा प्रत्यक्ष दिलेल्या रकमेचाच करायचा. दुसरी गंमत मार्चअखेरची: ३० किंवा ३१ मार्चला कार्डावरून गेलेले पैसे गेटवेकडून संस्थेच्या खात्यात एप्रिलमध्ये पोहोचतात आणि संस्था ती देणगी पुढच्या वर्षात दाखवू शकते. तो हप्ता कोणत्या वर्षात आला आहे ते प्रमाणपत्रावर पाहा आणि एकाच वर्षात धरा.

विवरणपत्रात अनुसूची ८०जी मध्ये संस्थेचं नाव, पत्ता, पॅन, रोख आणि इतर मार्गाने दिलेली रक्कम वेगवेगळी आणि प्रमाणपत्रावरचा देणगी संदर्भ क्रमांक भरायचा असतो. जुनी प्रणाली हवी असेल तर व्यवसायाचं उत्पन्न नसलेल्या पगारदाराने ती विवरणपत्रातच निवडायची, पण विवरणपत्र मुदतीत, म्हणजे ३१ जुलैपर्यंत, भरलं तरच. उशीर झाला की नवी प्रणाली लागते आणि ८०जी त्याबरोबर जातं.

एक हिशोब पूर्ण करून पाहू

नाशिकचं एक घर समजा. पती पुण्यात नोकरीला, वार्षिक पगार १६ लाख. तिथे भाड्याने राहतो, त्यामुळे २.५ लाख घरभाडे भत्ता करमुक्त. नाशिकच्या राहत्या घराच्या कर्जाचं व्याज २ लाख. पत्नीची नोकरी सप्टेंबर २०२५ अखेर गेली. तोवर तिला ४ लाख मिळाले होते. पतीच्या खात्यातून ५ तारखेला १,५०० रुपये नाचने एका संस्थेला जातात, पत्नीच्या खात्यातून १० तारखेला ५०० रुपये यूपीआयने दुसरीला. थांबवायचं ठरलं ६ ऑक्टोबरला.

पत्नीने त्याच दिवशी ॲपमध्ये मँडेट रद्द केलं. १० तारखेची कापणी अजून चार दिवसांवर होती, त्यामुळे तिची देणगी सप्टेंबरलाच संपली: सहा हप्ते, ३,००० रुपये. पतीचा ऑक्टोबरचा हप्ता आदल्याच दिवशी गेलेला. त्याने ७ तारखेला बँकेत अर्ज दिला, नोव्हेंबरच्या ५ तारखेपर्यंत पुरेसे दिवस होते. त्याचे सात हप्ते, १०,५०० रुपये.

पतीचं जुन्या प्रणालीतलं उत्पन्न: १६ लाखांतून भत्ता २.५ लाख, प्रमाणित वजावट ५०,००० आणि व्यवसाय कर २,५०० गेले, उरले १२,९७,५००. घरकर्जाचं व्याज गेलं, एकूण उत्पन्न १०,९७,५००. त्यातून ८०सी चे १.५ लाख, आरोग्य विम्याचे ७५,००० (ज्येष्ठ आईवडिलांसह) आणि एनपीएसचे ५०,००० वजा केले की ८,२२,५००. याच आकड्याच्या १० टक्के म्हणजे ८२,२५० ही देणगीची मर्यादा, आणि १०,५०० तिच्या खूप खाली आहेत. निम्मे, ५,२५० वजा होतील. तो २० टक्क्यांच्या टप्प्यात आहे, उपकर धरून २०.८ टक्के. वाचणारा कर १,०९२ रुपये.

वर्षभर चालू ठेवली असती तर १८,००० देणगी, ९,००० वजावट, १,८७२ रुपये कर वाचला असता. म्हणजे थांबवल्याने कर ७८० रुपयांनी वाढला, पण घरात ७,५०० रुपये राहिले.

पत्नीचं ४ लाखांचं उत्पन्न नव्या प्रणालीत करमुक्त मर्यादेतच बसतं, म्हणून तिच्या ३,००० चा कराला काही उपयोग नाही. ते पतीच्या नावावर दाखवता येतील का? नाही. पैसे तिच्या खात्यातून, पावती तिच्या पॅनवर, तर देणगी तिची. संस्थेला नाव बदलून द्या असं सांगणं चुकीचं आहे.

नव्या प्रणालीत पतीचा कर १,१३,१०० होतो, जुन्या प्रणालीत ८०जी धरून ७८,९८८. म्हणून त्याला जुनी प्रणाली फायद्याची. पण हे कुटुंब खर्च वाचवण्यासाठी पुण्याची भाड्याची खोली सोडून त्याला नातेवाइकांकडे ठेवणार असेल तर हिशोब उलटतो. पूर्ण वर्षभर घरभाडे भत्त्याची सूट नसेल तर जुना कर १,३७,९८२ वर जातो आणि नवी प्रणाली सुमारे २५ हजारांनी स्वस्त पडते. तिथे ८०जीचा प्रश्नच संपतो. म्हणून घरखर्चात मोठा बदल केला की देणगीच्या आधी दोन प्रणालींची तुलना पुन्हा मांडायची.

ऑफिस, आगाऊ कर आणि राहिलेलं एक

सामान्य संस्थांच्या ८०जीची वजावट मालक टीडीएस कापताना सहसा धरत नाहीत, ती तुम्ही विवरणपत्रात मागता. त्यामुळे फॉर्म १६ मध्ये ती दिसली नाही तरी चिंता नको, आणि देणगी थांबवल्यावर ऑफिसला काही कळवायचं नसतं. अपवाद दोन. पंतप्रधान किंवा मुख्यमंत्री निधीला पगारातूनच कपात होत असेल, तर ती फॉर्म १६ मध्ये येते; कपात थांबवल्यावर ऑफिसमधल्या वार्षिक घोषणेतला आकडाही खाली आणा. आणि पगारातून एखाद्या संस्थेला सामूहिक देणगी जात असेल, तर प्रमाणपत्र तुमच्या पॅनवर येतं की कंपनीच्या, हे नोकरी सोडण्यापूर्वी लेखी विचारून घ्या. नोकरी सुटल्यावर या प्रश्नाचं उत्तर मिळवणं फार कठीण जातं.

भाडं, व्याज किंवा व्यवसायातून उत्पन्न असेल आणि टीडीएस वजा जाता वर्षाचा कर १०,००० किंवा त्याहून जास्त निघत असेल, तर आगाऊ कर लागतो. त्याच्या अंदाजात वर्षभराची ८०जी धरलेली असेल तर १५ डिसेंबर आणि १५ मार्चच्या हप्त्याआधी तो अंदाज नव्या, कमी देणगीवर करा. फरक थोडाच असतो. ६० वर्षांवरच्या, व्यवसायाचं उत्पन्न नसलेल्या निवृत्तांना आगाऊ कराची ही जबाबदारीच नाही.

मागच्या वर्षांच्या विवरणपत्रांना हात लावायची गरज नाही. ती तेव्हा दिलेल्या पैशांवर होती. एकच स्थिती वेगळी: आधी देऊन वजावट घेतलेली देणगी संस्थेने आता परत केली, तर त्या वर्षाचं विवरणपत्र दुरुस्त करण्याबद्दल कर सल्लागाराशी बोला.

रद्द केल्याचा पुरावा, संस्थेशी झालेला पत्रव्यवहार, सात महिन्यांच्या पावत्या आणि मेअखेर आलेलं १०बीई एकाच फोल्डरमध्ये ठेवा. विवरणपत्राला हे कागद जोडायचे नसतात, पण खात्याने दाव्याबद्दल विचारलं तर हेच मागतात.